दुसरा ताप

भारतीचा नियम असा होता की नुसतं उत्तर देऊन सुटका नाही. उत्तर आलं की ती "मग?" म्हणणार. त्याचंही उत्तर आलं की पुन्हा "मग?" समोरचीला बोलायला काही उरलं नाही की मगच पाळी बदलायची. तिचे वडील निजामाबादच्या कोर्टात वकील होते आणि उलटतपासणी ही गोष्ट तिने घरीच, जेवताना वगैरे, शिकून घेतली होती. हिमायतनगरच्या त्या मुलींच्या वसतिगृहात तिच्याबरोबर अभ्यासाला बसायला फारशा मुली तयार नसत. गौरीला पर्याय नव्हता, कारण गौरी तिच्या खोलीत राहत होती.

"इंटरफेजमध्ये पेशी काय करते?"

"विश्रांती घेते," गौरी म्हणाली.

"नक्को गं. कुठल्या जमान्यातलं पुस्तक वाचतेस? आरामबिराम काही नाही. सगळं काम तेव्हाच चालतं. विभाजन म्हणजे शेवटचा तासाभराचा तमाशा."

"बरं. जी वन, एस आणि जी टू. जी वनमध्ये पेशी वाढते. एसमध्ये डीएनए दुप्पट होतो. जी टूमध्ये विभाजनाची तयारी."

"मग?"

"मग एम, म्हणजे विभाजन."

गौरी सांगत होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. वॉर्डन शोभाबाईंनी जिन्याखालून हाक मारली तेव्हा ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावली, कारण बाबा एरवी रविवारी फोन करत आणि आज रविवार नव्हता. बाबांचा आवाज मात्र नेहमीसारखाच होता. आईला जरा ताप आहे, ते म्हणाले. तापाची गोळी दिली आहे, मागच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलेलीच. काळजीचं काही नाही. खरं तर तुला कळवायचं नाही असं आईचं म्हणणं होतं, पण मग तू नंतर चिडतेस म्हणून कळवलं. उद्या टेस्ट आहे ना, ती नीट दे.

आईचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. छातीतली गाठ काढली होती आणि आता दर काही आठवड्यांनी शिरेतून औषधं द्यावी लागत होती. परभणीहून प्रत्येक वेळी येणं-जाणं झेपणारं नव्हतं, म्हणून आई-बाबा याच शहरात, अंबरपेठेत श्रीकांतमामाकडे येऊन राहिले होते. मामाचं घर दोन खोल्यांचं, त्यात त्याच्या दोन मुली. गौरीला तिथे राहायला जागा नव्हती. ती शनिवारी जायची, आईच्या पायांना तेल लावायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायची. परीक्षेमुळे गेल्या शनिवारी तिचं जाणं झालं नव्हतं.

"माणसाची पेशी जी टूमध्ये आहे. क्रोमोसोम किती?"

"ब्याण्णव."

"वाहवा. उद्या मॅडम खूश होणार."

"का? डीएनए दुप्पट झाला ना एसमध्ये?"

"डीएनए दुप्पट झाला, क्रोमोसोम नाही. दोन क्रोमॅटिड एकाच सेंट्रोमिअरला धरून असतात, तोवर तो एकच मोजायचा. शेहेचाळीसच. ब्याण्णव कधी होतात?"

गौरीने थोडा विचार केला. "ॲनाफेज. सेंट्रोमिअर दुभंगतात तेव्हा."

"आत्ता कसं. हे तुला येतं, गौरी. तू ऐकत नाहीयेस म्हणून चुकतेस." भारती पलंगावर मांडी घालून बसली होती, मांडीवर उघडं पुस्तक उलटं ठेवलेलं. ती जरा थांबली. "मामाकडचा फोन होता ना? सगळं ठीक आहे ना?"

"आईला थोडा ताप आहे."

"मागे पण आला होता की."

"हो. तेव्हाही गोळीने उतरला."

"तो उतरला तर हा पण उतरेल. चल, तुझी पाळी. विचार."

गौरीने विचारलं, भारतीने घडाघडा सांगितलं. प्राणिपेशीत मधोमध खाच पडत जाते, वनस्पतिपेशीत मध्ये भिंत उभी राहते. स्पिंडल म्हणजे क्रोमोसोम ओढणारे धागे, ते कशाचे बनतात. भारतीचा "मग?" स्वतःवरही चालायचा, त्यामुळे तिच्या उत्तराला शेवट नसे. गौरीला तिच्यात चूक सापडेना आणि पाळी पुन्हा भारतीकडे गेली.

"कॉल्चिसिन टाकलं तर?"

"स्पिंडल बनत नाही. पेशी मेटाफेजमध्ये अडकते."

"मग?"

"क्रोमोसोम ओढले जात नाहीत. पेशी दोन होत नाही."

"बरोबर. आता समजा, असं एखादं औषध आहे की ते डीएनएचा कच्चा मालच बनू देत नाही. पेशी कुठे अडकणार?"

"एसमध्ये." हे उत्तर गौरीने विचार न करता दिलं. मेथोट्रेक्सेट. पिवळ्या रंगाच्या त्या औषधाचं नाव तिने बाटलीवर वाचलं होतं, आईच्या हाताला सुई होती तेव्हा. वाचलं आणि पाठ झालं. बाकी दोन औषधांचीही नावं तिला पाठ होती.

"मग?"

"डीएनए पुरा होत नाही. पेशी मरते."

"सगळ्या पेशी मरतात?"

"नाही. ज्या चक्रात फिरतायत त्याच. मेंदूच्या पेशी, स्नायूंच्या पेशी चक्राबाहेर पडलेल्या असतात, त्यांना एस येतच नाही."

"फर्स्ट क्लास. मग शरीरात सतत फिरणाऱ्या पेशी कुठल्या? चार सांग."

"कातडीच्या," गौरी म्हणाली. "तोंडातलं आणि आतड्यातलं अस्तर. केसांची मुळं."

ती थांबली. मामीने आईच्या केसांसाठी न्हाणीघरात वेगळा कंगवा ठेवला होता, मुलींना दिसू नये म्हणून जरा वरच्या फळीवर.

भारतीच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. "मी पण काय विचारते क्या की. सोड. ऑनियन रूट टिपचं प्रॅक्टिकल घेऊ."

"नाही, विचार. टेस्टला आलं तर तिथे सोडता येणार आहे का?"

"तीन सांगितल्यास. चौथी राहिली."

"बोन मॅरो."

"मग?" भारतीने हे अगदी हळू विचारलं.

"रक्तातल्या पेशी तिथे बनतात. औषधाने तिथलं विभाजन थांबलं की त्या बनायच्या थांबतात. मुख्य म्हणजे पांढऱ्या, कारण त्या टिकत नाहीत, रोज नव्या लागतात."

"म्हणजे आज औषध दिलं की उद्या पांढऱ्या पेशी खलास?" हा भारतीचा सापळा होता. वकिलाची मुलगी, साधा प्रश्न सहसा विचारायची नाही.

"नाही," गौरी म्हणाली. "उद्या नाही. रक्तात ज्या आधीच फिरतायत त्या पूर्ण झालेल्या असतात. त्या विभागत नाहीत, त्यामुळे औषध त्यांना काही करत नाही. मॅरोमध्ये तयार होऊन बसलेल्याही काही असतात. त्या सगळ्यांवर थोडे दिवस निघतात. पण मागून ज्या यायच्या..."

"मग?"

गौरीची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली.

"मागून ज्या यायच्या त्यांचं काय?" भारतीने विचारलं. "गौरी? कमी कधी पडतात मग?"

"आठवड्याने. दीड आठवड्याने." गौरी अजून कॅलेंडरकडेच बघत होती. तिच्या ओठांची हालचाल होत होती, पण आवाज येत नव्हता. मग ती म्हणाली, "भारती, मागचा ताप औषध दिलं त्याच रात्री आला होता. त्याच रात्री. तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधामुळे अंग तापतं कधी कधी, गोळी द्या."

"हौ, तू सांगितलं होतंस."

"या वेळचं औषध देऊन दहा दिवस झालेत."

बाजूच्या खोलीत मुली मोठमोठ्याने पाठ करत होत्या. खाली टीव्हीच्या हॉलमध्ये केबलवर कुठलंसं गाणं लागलं होतं.

"त्या रात्री पांढऱ्या पेशी होत्या," गौरी म्हणाली. "आज नाहीयेत. म्हणजे असतील तर अगदी थोड्या. हा औषधाचा ताप नाही. आईच्या अंगात काहीतरी शिरलंय आणि त्याला अडवायला कुणी नाहीये. बाबा गोळी देऊन ताप उतरवतायत आणि त्यांना वाटतंय बरं चाललंय."

भारतीने पुस्तक बाजूला ठेवलं. "तू शुअर आहेस?"

"मी कशी शुअर असणार? मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आत्ता दहा मिनिटांपूर्वी ब्याण्णव म्हणाले मी."

"पण हे बरोबर बोललीस. मी 'मग' म्हणून म्हणून बघितलं, कुठे चुकली नाहीस."

"तरी ते डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकतील की माझं? बाबांना तू ओळखत नाहीस. कोर्टात नाझर आहेत ते. साहेबांनी एकदा सांगितलं की सांगितलं."

"मग डॉक्टरांनाच विचारू दे ना त्यांना. चप्पल घाल."

शोभाबाईंची खोली तळमजल्यावर, ऑफिसला लागून होती. फोन ऑफिसात, आणि फोनच्या डायलला छोटं कुलूप. किल्ली शोभाबाईंच्या कमरेला. त्या वाती वळत बसल्या होत्या. दोघींना दारात बघून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय गं, उद्या तुमची टेस्ट ना? आणि फोन आत्ता संध्याकाळी झाला की तुझा."

"शोभामावशी, मला मामाकडे फोन करायचा आहे. आईला दवाखान्यात न्यायला सांगायचंय."

"का, काय झालं? काही निरोप आला?"

"निरोप नाही," गौरी म्हणाली. पेशीचक्राचा धडा शोभाबाईंपुढे म्हणून दाखवायचा की काय.

भारती म्हणाली, "मावशी, तिच्या आईला ताप आहे आणि त्यांना तो साधा वाटतोय. तो साधा नाही. आत्ता फोन नाही केला तर ते रात्रभर थांबतील."

शोभाबाईंनी एकदा गौरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वातींचं ताट खाली ठेवलं.

पहिल्यांदा फोन एंगेज लागला. दुसऱ्यांदाही. मामाच्या मोठ्या मुलीचा नेहमी ह्याच वेळेला मैत्रिणीशी गप्पांचा कार्यक्रम असतो हे गौरीला माहीत होतं. ती रिसीव्हर ठेवायची, आकडे फिरवायची, तो कर्कश तुटक आवाज ऐकायची आणि पुन्हा ठेवायची. भारती शेजारी उभी राहून भिंतीवरचे हजेरीचे नियम वाचत होती. शोभाबाई खुर्चीत बसून होत्या. कितव्यांदा तरी घंटा वाजली आणि मामाच्या मुलीने उचलला.

"नंदिनी, बाबांना दे."

बाबा आले. "काय गं, झाला का अभ्यास?"

"ताप उतरला?"

"उतरला होता. आता परत थोडा आहे. सहा तास झाले की दुसरी गोळी देतो."

"किती आहे?"

"एकशे दोन असेल. तू त्यात लक्ष घालू नकोस."

"बाबा, तिला थंडी वाजतेय का?"

"दोन रजया दिल्यात."

मार्च महिना होता. ऑफिसातला पंखा पूर्ण वेगाने फिरत होता.

"जेवली?"

"तोंड आलंय म्हणते. भात गिळवत नाही. ताक दिलं थोडं."

तोंडातलं अस्तर, गौरीच्या मनात आलं. तेही त्याच चारांतलं. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बाबा, आईला आत्ता दवाखान्यात घेऊन जा."

"आत्ता? अगं, डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय, ताप आला तर गोळी द्या. मी तेच करतोय. सकाळी बघू ना, सकाळी ओपीडी असते."

"ते त्यांनी औषध दिल्याच्या रात्री सांगितलं होतं. त्या रात्रीपुरतं."

"असं काही ते म्हणाले नाहीत."

"म्हणाले नसतील. तुम्ही विचारलं नसेल. बाबा, ऐका. औषध वाढणाऱ्या पेशी मारतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हाडांत बनतात, त्या बनणं बंद झालं. जुन्या होत्या त्यांच्यावर आठवडाभर निभावलं. आता जुन्या संपल्या आणि नव्या आल्या नाहीत. आज तिच्याकडे तापाशी लढायला काही नाही. तो ताप आणि हा ताप एक नाही, बाबा."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. उद्याच्या टेस्टचा भाग आहे."

पलीकडून मागचे आवाज येत होते. कुणीतरी टीव्ही बारीक केला. आईचा आवाज आला, खोल, दुरून. "कोण आहे? गौरी आहे का? तिला म्हणावं मी बरी आहे."

"ती म्हणतेय ती बरी आहे," बाबा म्हणाले.

"ऐकलं मी."

"उगाच या वेळेला तिला हलवायचं, आणि तिथे कुणी म्हणालं की एवढ्यासाठी कशाला आणलं..."

"म्हणू दे. मला शिव्या घाला मग. फक्त एक सांगा त्यांना. दारात पोचल्या पोचल्या सांगा की किमोचं औषध देऊन दहा दिवस झालेत आणि ताप आहे. हे दोन्ही एकदम सांगा. नुसतं ताप आहे म्हणून रांगेत बसू नका. आणि रक्त तपासा म्हणा."

ती एवढं बोलली आणि थांबली. आता तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबांनी लहानपणापासून तिचं सगळं ऐकून घेतलं होतं, पण ऐकून घेणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. कान रिसीव्हरला इतका दाबला होता की दुखायला लागला.

"दहा दिवस आणि ताप," बाबा हळूहळू म्हणाले. कोर्टात तारीख सांगितली की ती लिहून घेताना ते असंच स्वतःशी म्हणत. मग रिसीव्हर बाजूला धरून ते मामाला काहीतरी म्हणाले. "श्रीकांत रिक्षा बघायला जातोय. ठेव तू."

"तिथून फोन करा. इथल्याच नंबरवर."

"करतो."

शोभाबाईंनी त्यानंतर दोघींना वर पाठवलं नाही. त्यांनी दोन खुर्च्या सरकवल्या. नऊ वाजता फाटकाला कुलूप लावायला उठल्या आणि परत येऊन बसल्या. दोनदा फोन वाजला. एकदा कुणाचा तरी भाऊ होता, एकदा राँग नंबर. दोन्ही वेळा शोभाबाईंनी फोन उचलला आणि दोन्ही वेळा गौरी उठून उभी राहिली.

भारती म्हणाली, "मी जर तुला पुढचं विचारलं नसतं..."

"तू विचारलंस ना."

"मी तर टेस्टसाठी विचारत होते."

"मीही टेस्टसाठीच सांगत होते," गौरी म्हणाली.

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा शोभाबाईंनी तो न बोलता सरळ तिच्याकडे दिला. पलीकडे पब्लिक फोनमध्ये नाणं पडल्याचा खणखणाट झाला आणि मग बाबांचा आवाज, घाईघाईचा. आईला दाखल करून घेतलं होतं. दारातल्या बाईंना बाबांनी गौरीने सांगितलं तसं सांगितलं आणि त्या बाईंनी आईला रांगेतून उठवून आधी आत नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला होता. पांढऱ्या पेशी अगदीच कमी होत्या, आकडा बाबांनी सांगितला आणि गौरीने तो परत एकदा विचारून घेतला. सलाईन लावलं होतं, त्यातून अँटिबायोटिक चालू केलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येणार नाही, पण वेळेत सुरू झालंय.

"तिला वेगळ्या खोलीत ठेवलंय," बाबा म्हणाले. "सारखी तुझं नाव घेतेय. तू ये सकाळी. टेस्टचं राहू दे, मी तुझ्या कॉलेजात बोलतो. तुला बघितलं की तिला बरं वाटेल."

गौरीने "हो" म्हणण्यासाठी तोंड उघडलं. आठवडाभर वसतिगृहात सर्दीची साथ होती. निम्म्या मुली खोकत होत्या. तिचा स्वतःचा घसा कालपासून खवखवत होता आणि परीक्षेच्या गडबडीत तिने त्याकडे लक्षही दिलं नव्हतं.

"बाबा, मी नाही येऊ शकत."

"का?"

"माझा घसा दुखतोय. मला सर्दी होतेय. तिच्यासाठी आत्ता माझी सर्दीसुद्धा नको. मामाच्या मुलींनाही पाठवू नका. तुम्ही हात धुऊन आत जा, प्रत्येक वेळी."

पलीकडे दुसरं नाणं पडलं. बाबांनी आता तिला कुणी सांगितलं म्हणून विचारलं नाही. "तिला काय सांगू मग?"

"सांगा की..." गौरीने गिळलं, घशात टोचलं. "सांगा की टेस्ट आहे. टेस्ट देऊन येते म्हणावं. तिला ते आवडेल."

"आणि खरं कधी येशील?"

"तिच्या पेशी वर आल्या की. तुम्ही रोज रिपोर्ट सांगा, मी बघते."

फोन बंद झाला. शोभाबाईंनी डायलला कुलूप घातलं नाही. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली, फोनच्या शेजारी, आणि म्हणाल्या, "रात्री वाजला तर मी उठवते. तू झोप."

जिना चढताना भारती तिच्या मागे होती. वरच्या व्हरांड्यात कुणीतरी खोकलं आणि गौरीने ओढणी तोंडाशी धरली, आपण कुणाच्या जवळ नाही हे लक्षात यायला तिला दोन पावलं लागली. खोलीत पोचल्यावर ती आपल्या पलंगाच्या कडेला बसली. आई पाच किलोमीटरवर होती, आणि तिच्यासाठी करण्यासारखं जे एक काम उरलं होतं ते म्हणजे तिच्या जवळ न जाणं.

भारतीने दिव्याचं बटण धरून विचारलं, "बंद करू?"

"राहू दे थोडा वेळ," गौरी म्हणाली.